आठ मुली रात्री राहायला येतायत: संध्याकाळचं जेवण, मधरात्रीचा खाऊ आणि सकाळचा नाश्ता सुचवा

विश्रामबागची सई
लेकीची चौथीची परीक्षा संपली. बक्षीस म्हणून मैत्रिणींना एक रात्र घरी राहायला बोलवायचं मी कबूल केलंय. येत्या शनिवारी संध्याकाळी येतील, रविवारी दहापर्यंत जातील. लेक धरून आठ जणी, सगळ्या नऊ-दहा वर्षांच्या.

माझा बेत सरळ होता. रात्री पावभाजी, मधरात्री भडंग, सकाळी कांदेपोहे. सांगलीत याहून सोपं काय असणार? मग आयांच्या ग्रुपवर बेत टाकला आणि दोन निरोप आले. एकीचं घर जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा नाही आणि मुलगी सूर्यास्ताच्या आत जेवते. दुसरीच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि आईने पुढे "गंभीर" असं लिहिलंय. म्हणजे पावभाजी गेली, भडंग गेलं, पोहेही गेले. शिवाय आमच्याकडे स्वयंपाकाला घाण्याचं शेंगतेल आणि निम्म्या भाज्यांत कूट!

प्रश्न असा की या दोघींसाठी वेगळं करू आणि बाकी सहा जणींचा बेत तसाच ठेवू, की आठही जणींना एकच? सासूबाई म्हणतात वेगळं कर, मुलांना काही वाटत नाही.

पावशेर
पिझ्झा मागवा आणि झोपा.

मिरजेचा मामा
आठ वर्षांच्या मुलांना तिखट कमी घाला. आमचा नातू आठचा आहे, त्याला नुसता दहीभात लागतो. दहीभात कुणालाही चालतो.

विश्रामबागची सई
मामा, आठ वर्षांच्या नाहीत हो, आठ मुली आहेत! पण दहीभात लक्षात ठेवते. एखादी रुसली तर कामाला येईल.

गावभाग
आम्ही जैन, राहणार गावभागात, म्हणून लिहिते. सई, सगळ्यात आधी त्या आईला फोन कर आणि तिच्या घरी नेमकं काय पाळतात ते विचार. सांगलीत घरोघरी वेगळं असतं. कुणाकडे फक्त कांदा-लसूण नाही, कुणाकडे कुठलंच कंदमूळ नाही. कुणाकडे फ्लॉवर आणत नाहीत, कुणाकडे तिथीला हिरवी भाजी नाही. रात्रीचंही तसंच. काही मुलं जेवत नाहीत पण पाणी पितात, काही पाणीही घेत नाहीत. एकदा शनिवारी कुठली तिथी आहे तेही विचारून घे.

वेगळं करायचं की एकच, यावर माझं मत पक्कं आहे. माझी लेक अशा ठिकाणी गेलीय. तिला वेगळ्या भाजीचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते सहा वाजता एकटीला टेबलाशी बसवून जेवायला घातलं आणि बाकीच्या मुली बाहेर खेळत होत्या, त्याचं. म्हणून पदार्थापेक्षा आधी वेळ जुळव. एप्रिलअखेरीला आपल्याकडे सूर्य पावणेसातनंतर मावळतो. सव्वासहाला आठही जणींना एका पंगतीत बसवलंस तर निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

विश्रामबागची सई
सव्वासहा! आमच्याकडे त्या वेळी चहा असतो.

गोधडी
उलट बरंय की. सव्वासहाला जेवल्या की दहाला परत कडकडून भूक. मधरात्रीच्या खाऊला मग खरा अर्थ येतो. नाहीतर नऊला पावभाजी हादडून बाराला भडंग कोण खातं? नुसतं गादीवर सांडतात.

साताऱ्याची आई
माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आता अकरा वर्षांचा आहे. आमचं अख्खं घर त्यावर चालतं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

दाणे दिसतात, ते टाळता येतात. घोटाळा कुटाचा होतो. मिक्सरच्या ज्या भांड्यात कूट करता, त्याच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात ते बसलेलं असतं. त्याच भांड्यात टोमॅटो फिरवला तर भाजीत दाणा गेलाच. मसाल्याच्या डब्यातला चमचा, तळणीचा झारा, पोळीच्या तव्याचं कापड, सगळीकडे तेच. तुमच्या टेबलावर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी असणारच, ती शनिवारी वरच्या फळीवर जाऊ दे. भांडी साबणाने घासली की पुरतं. हातांनाही साबण आणि पाणीच हवं. सॅनिटायझरने दाण्याचा अंश निघत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं.

तेलघाणा
ताई, तेलाचं टेन्शन घेऊ नका. ॲलर्जी प्रोटीनची असते आणि तेलात प्रोटीन नसतं, फक्त फॅट असतं. शेंगतेल बिनधास्त वापरा.

साताऱ्याची आई
तेलघाणा, निम्मं बरोबर आहे तुमचं. कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या तेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही. पण सईकडे घाण्याचं तेल आहे. ते नुसतं पिळून गाळलेलं असतं, त्याला दाण्याचा वास येतो म्हणूनच आपण ते घेतो. त्यात प्रोटीन राहतं. दुसऱ्याच्या मुलीवर हा प्रयोग कशाला? सूर्यफुलाची एक लिटरची नवी पिशवी आणा, सगळा स्वयंपाक तिच्यात करा.

तेलघाणा
घाण्याचं लिहिलेलं वाचायचं राहिलं. नावावर जाऊ नका.

मिरजेचा मामा
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. थोडं थोडं द्यावं, सवय होते. मध्ये पेपरातपण आलं होतं, लहानपणी दाणे दिले की ॲलर्जी होत नाही म्हणून.

वॉर्डातली ताई
मामा, पेपरात आलेलं खोटं नाही. 2015 मध्ये लंडनचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना ॲलर्जी होण्याचा धोका जास्त आहे त्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, तर पुढे ॲलर्जीचं प्रमाण पुष्कळ कमी झालं. पण ती गोष्ट ॲलर्जी व्हायच्या आधीची. ज्या मुलीला ती झालीच आहे, तिला थोडं थोडं देणं हा वेगळा उपचार आहे आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात, मैत्रिणीच्या घरी नाही.

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. सई, त्या आईला तीन गोष्टी विचार. मागच्या वेळी खाल्ल्यावर नेमकं काय झालं होतं? औषध कोणतं द्यायचं, कधी आणि किती, हे तिने लिहून द्यावं. आणि रात्रभर तिचा फोन चालू राहील ना? ओठ-डोळे सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या हे दिसलं की तिला लगेच फोन. पण आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, मूल एकदम मलूल झालं, तर फोनची वाट बघत बसू नका. गाडी काढा आणि सरळ दवाखाना गाठा. खाजेवरची गोळी अशा वेळी पुरत नाही, तिथे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. घरापासून रात्री उघडं असणारं जवळचं इस्पितळ कुठलं, हे दुपारीच ठरवून ठेव.

पावशेर
पिझ्झा शब्द मागे घेतो.

विश्रामबागची सई
ताई, धन्यवाद, हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, तो म्हणाला शनिवारी गाडी फाटकाबाहेर लावून ठेवतो.

मग आता एकच बेत, आठही जणींना. पण मुलींना पावभाजीचं वचन दिलंय. बटाट्याशिवाय ती होते का?

गावभाग
होते म्हणजे काय, आमच्याकडे महिन्यातून दोनदा होते. कच्ची केळी घे. आठ मुलींना आणि तुम्हा मोठ्यांना मिळून आठ केळी, अर्धा किलो दुधी, अर्धा किलो कोबी, पाव किलो मटार, दोन ढोबळ्या मिरच्या आणि किलोभर लाल टोमॅटो. मुली प्रत्येकी दोन ते तीन पाव खातात, तेव्हा चोवीस पाव आण.

केळी सालासकट दोन तुकडे करून कुकरला दोन शिट्ट्या दे, मग सोल. कच्ची सोलत बसलीस तर चीक हाताला चिकटतो आणि काळा पडतो. दुधी, कोबी, मटार दुसऱ्या डब्यात शिजव. कढईत लोणी आणि थोडं तेल, जिरं, सढळ हिंग, ढोबळी मिरची, मग टोमॅटो. टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतायचाच, पंधरा-वीस मिनिटं लागतात. कांदा-लसूण नसताना चव तिथूनच येते, घाई केलीस तर भाजी आंबट आणि कच्ची लागते. मग काश्मिरी मिरचीपूड, मसाला, भाज्या आणि शेवटी कुस्करलेली केळी.

एक लक्षात ठेव. केळं गरम असताना मऊ असतं, पण गार होताना भाजी बटाट्यापेक्षा जास्त घट्ट होते, लगद्यासारखी. वाढण्याआधी वाटीभर उकळतं पाणी घालून परत घोट. रंगासाठी बीट घालू नकोस, तेही कंदमूळ. ओलं आलंही नाही.

पावशेर
आणि हळद? तेपण कंदच की. सांगलीत राहून हळद नाही म्हटलं तर मार्केट यार्डात घुसू देणार नाहीत.

गावभाग
वाळलेली हळद चालते हो, सुंठही चालते. ओली नाही चालत. तुमचं मार्केट यार्ड वाचलं.

साताऱ्याची आई
पावभाजी मसाल्याचं पाकीट वाचून घ्या. काहींत कांदा-लसणाची पूड असते. आणि खाली बारीक अक्षरात "यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो" अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ असेल तर ते पाकीट नको. घरी धणे, जिरं, बडीशेप, दालचिनी, लवंग, मिरी भाजून पूड केली तर दोन्ही प्रश्न मिटतात, पण त्या मिक्सरच्या भांड्याचं विसरू नका. मी तर अशा कामाला खलबत्ताच काढते.

कृष्णाकाठ
पावाचंही बघा. काही बेकऱ्या वरून चकाकी यायला अंड्याचा हात लावतात. बेकरीत विचारलं की सांगतात.

गोधडी
आता भडंगाचं बोला. माझा जीव तिथं अडकलाय.

जयसिंगपूरचा जावई
दाण्याशिवाय आणि लसणाशिवाय भडंग? मग त्याला भडंग म्हणू नका, चुरमुऱ्यांचा चिवडा म्हणा. उगीच आमच्या नावाला बट्टा.

कृष्णाकाठ
जावईबापू, तुम्ही सासरी गप बसा. अवो ताई, लई सोपं हाय. पावशेर चुरमुरे घ्या, म्हणजे मोठी परात भरून झाली. भडंगाचे जाड चुरमुरेच घ्या, बारके लगेच सादळतात. कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवत भाजा, चिमटीत दाबल्यावर कुरकुरून मोडले पाहिजेत. मग अर्धी वाटी तेलात मोहरी, हिंग, भरपूर कढीपत्ता, खोबऱ्याचे काप आणि दाण्याऐवजी डाळं. गॅस बंद करा. तेल जरा निवलं की मग हळद, तिखट, मीठ. गरम तेलात तिखट टाकलं की काळं पडतं आणि सगळी परात कडू. शेवटी दोन चमचे पिठीसाखर. शुक्रवारी करून घट्ट डब्यात ठेवलं तर शनिवारी चव मुरलेली असते.

पावशेर
पावशेर चुरमुरे घ्यायला सांगितल्याबद्दल मंडळ आभारी आहे.

साताऱ्याची आई
कृती झकास आहे, फक्त चुरमुरे आणि डाळं सुटं आणू नका. दुकानात दाण्याच्या पोत्यात घातलेलं मापच चुरमुऱ्याच्या पोत्यात जातं. बंद पाकीट आणा. डाळं चालतं का तेही त्या आईला विचारा. शेंगदाणा सोसत नाही अशा बहुतेक मुलांना हरभरा चालतो, माझ्या मुलाला चालतो, पण काहींना नाही चालत.

जयसिंगपूरचा जावई
बरं, आवाज खाली घेतो. बेदाणे घाला मग थोडे, तासगावचे. गोडसर लागतात आणि मुली शोधून शोधून खातात.

चुळबूळ
माझ्या धाकट्यासाठी विचारते. तो तीन वर्षांचा आहे, मोठीच्या मैत्रिणी आल्या की त्यांच्यातच बसतो. त्याला पॉपकॉर्न दिले तर चालतील का? मोठ्यांना रात्री पॉपकॉर्नच करते मी.

वॉर्डातली ताई
तीन वर्षांच्याला पॉपकॉर्न नको, अख्खे दाणे किंवा फुटाणेही नकोत. घशात नाही तर श्वासनळीत जातात, विशेषतः हसत-पळत खाताना. चारच्या पुढे, तेही बसवून. त्याला त्या वेळी केळं द्या.

मिरजेचा मामा
एप्रिलात रात्री कलिंगड द्यावं. थंड असतं.

गोधडी
मामा, आठ मुली, एक गादी, रात्री अकराला कलिंगड. पहाटे चादरी वाळत घालायला तुम्ही येणार का?

मिरजेचा मामा
गच्चीवर दोरी आहे का?

विश्रामबागची सई
😂 कलिंगड रद्द.

मुली मात्र बरोब्बर बारा वाजताच खायचं म्हणून हटून बसल्यात. आणि त्या एका मुलीचं काय? बाकीच्या भडंग खाणार आणि ती बघत बसणार का?

गोधडी
बाराला निम्म्या झोपलेल्या असतात, उठवलं की रडतात. माझ्याकडे सव्वादहा-साडेदहाला दिवे मालवून, टॉर्च लावून खायला देते. घड्याळ कोण बघतंय? कोलासारखं काही देऊ नकोस, त्यातल्या कॅफिनने दोनपर्यंत उड्या मारतील.

गावभाग
ती मुलगी रात्री खरंच खात नसेल तर तिला आग्रह करू नका आणि कीवही करू नका. तिला सवय असते. तिच्याकडे टॉर्च द्या आणि भुताची गोष्ट तिला सांगायला लावा, खाणाऱ्यांच्या तोंडात घास असतो म्हणजे बोलायचं काम तिचंच. तिच्या वाट्याचं भडंग छोट्या डब्यात बाजूला काढून सकाळी दे. आणि सव्वासहाला तिला पोटभर वाढ. पहिला पाव तव्यावरून तिच्या ताटात जाऊ दे, कारण तिला घड्याळ आहे, इतरांना नाही.

हळदीचं पान
मला हे पटत नाही. आठातल्या सहा जणींनी दोघींसाठी सगळं का बदलायचं? शाळेत डबे वेगळे असतातच ना. त्या मुलींनी आपला डबा आणावा, आई खात्रीने करून देईल. उलट तेच जास्त सुरक्षित.

साताऱ्याची आई
डबा आणणं सुरक्षित आहे हे खरं, आम्हीही पुष्कळदा देतो. पण अंधारात आठ हात एका परातीत जाणार असतील, तर तिच्या डब्याचा उपयोग नाही. शेजारणीचा दाण्याचा हात तिच्या उशीला, बाटलीला लागतोच. दाणा त्या रात्री घरात बाहेर नको, एवढं तरी सगळ्यांसाठी एकच हवं. कांदा-बटाट्याचं तसं नाही, ते सईने वेगळं ठेवलं तरी कुणाला इजा होणार नाही.

हळदीचं पान
दाण्याचं मान्य. कांद्याचं अजूनही नाही. कांद्याशिवाय पावभाजी म्हणजे शिक्षा.

कृष्णाकाठ
बारीक चिरलेला कच्चा कांदा वाटीत वेगळा ठेवा की. ज्याला पायजे त्यानं वरनं घालावा. पण आधी त्या पोरीच्या आईला इचारा, पंगतीत चालतो का.

विश्रामबागची सई
आज दोन्ही आयांशी बोलले. जैन मुलीची आई म्हणाली, सूर्यास्तानंतर जेवण नाही, उकळून गार केलेलं पाणी चालेल. कंदमुळं अजिबात नाहीत. शनिवारी तिथी नाही. शेजारी कच्चा कांदा असला तरी तिची हरकत नाही. ॲलर्जीवाल्या मुलीच्या आईने औषधाचा कागद आणि पिशवी बरोबर द्यायचं कबूल केलं. डाळं चालतं, काजू नकोत. काजूचं मी विचारलं नसतं तर तिने सांगितलंही नसतं. मी भाजीवर काजू घालणार होते.

सकाळचं अजून ठरत नाहीये. इडली म्हणतेय. रात्री पीठ आंबवायला ठेवलं की झालं.

गावभाग
इडली पुन्हा विचारून घे. रात्रभर आंबवलेलं पीठ काही घरांत चालत नाही, काहींत चालतं.

गोधडी
आणि एप्रिलच्या उकाड्यात पीठ सहा-सात तासांत वर येतं. रात्री नऊला ठेवलंस तर पहाटे ओट्यावर लाव्हा. उप्पीट कर. रवा शुक्रवारीच तुपावर खमंग भाजून ठेव, तीन वाट्या. मोहरी, जिरं, उडदाची डाळ, कढीपत्ता, मटार, मिरचीचे मोठे तुकडे म्हणजे काढून टाकता येतात. तीन वाट्या रव्याला साडेसात वाट्या उकळतं पाणी, वर लिंबू आणि खोबरं. भाजलेला रवा तयार असला की दहा मिनिटांत होतं.

मुख्य म्हणजे सगळ्या एकदम उठत नाहीत. दोघी सहाला उठून कुजबुजतात, दोघी नऊला. पोहे तासाभरात वातड होतात. उप्पीट मात्र तू दोन खेपांत करू शकतेस, रवा अर्धा अर्धा घालून. पहिल्या खेपेला साडेसात, दुसऱ्या खेपेला साडेआठ.

मिरजेचा मामा
उप्पिटाबरोबर आंब्याच्या फोडी. आता तरी हो म्हणा.

विश्रामबागची सई
आंब्याला हो, मामा. दोन डझन लागतील का?

जयसिंगपूरचा जावई
हापूस असेल तर प्रत्येकी एक, आठ. पायरी असेल तर त्या चोखून खातात, मग डझनभर आणि जुने टॉवेल.

साताऱ्याची आई
सई, उप्पिटावर घालायचं खोबरं घरच्या मिक्सरमध्ये फिरवू नका, विळीवर खवा.

विश्रामबागची सई
विळी आहे, खोबरं सासूबाई खवतील. चटणीची बरणी त्यांनी आत्ताच कपाटात नेऊन ठेवली, वर कुलूपही लावलं. किल्ली देत नाहीयेत.

पावशेर
पाव शनिवारी दुपारी चारच्या ताज्या खेपेचे घ्या, सकाळचे संध्याकाळपर्यंत तव्यावर कोरडे पडतात. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत चारला भट्टीतून निघतात, तुमच्या बेकरीची वेळ विचारून ठेवा. यावेळी खरंच मदतीचं बोललो, नोंद घ्यावी.